करारातला ‘ठाणे जिल्हा’ नेमका कोणता?

प्रश्न: मी अंधेरीच्या ऑफिसात कमर्शियलला नवीन आहे. आमच्या रीजनल सेल्स मॅनेजर साहेबांनी एका जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या ॲग्रीमेंटमधून टेरिटरी, टार्गेट, एक्सक्लुझिव्हिटी आणि टर्मिनेशन एवढं एका पानावर काढून मागितलंय. २८ पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट आहे आणि मी वकील नाही. कसं करू?

उत्तर:

ॲग्रीमेंट उघडण्याआधी साहेबांना एकच विचारा: हे पान घेऊन तुम्ही पुढे काय करणार आहात? त्या भागात दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमायचा आहे, जुन्याला काढायचं आहे, की नुसतं टार्गेट वाढवायचं आहे? हे माहीत नसताना काढलेलं पान बरोबर असूनही फसवू शकतं. मी तसं एक पान २०१८ मध्ये काढलं होतं. तेव्हा मी घरगुती वापराच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत कमर्शियलला होतो. तुमच्या प्रश्नातले चारही मुद्दे त्या एका प्रकरणात येतात, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

डिस्ट्रिब्युटरचं गोदाम भिवंडीत होतं. करार १ एप्रिल २०१३ चा, तीन वर्षांचा, आणि त्यानंतर कोणी नाही म्हटलं नाही तर दर वर्षी आपोआप पुढे चालू राहणारा. टेरिटरी कराराच्या अंगात लिहिलेली नव्हती, ती अनेक्शर ‘ए’ मध्ये होती. तिथे एकच ओळ: ठाणे जिल्हा, नवी मुंबई महानगरपालिकेची हद्द वगळून. मी माझ्या पानावर ती ओळ जशीच्या तशी उतरवली. साहेबांनी वाचली, नकाशा मनात आणला आणि म्हणाले, म्हणजे वसई, नालासोपारा, विरार मोकळंच आहे, ते तर पालघर जिल्ह्यात. त्यांनी विरारच्या एका व्यापाऱ्याला नेमणुकीचं प्राथमिक पत्र दिलं. त्या माणसाने त्या पत्राच्या भरवशावर गोदाम भाड्याने घेतलं. दहा दिवसांत भिवंडीहून वकिलाची नोटीस आली.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते आणि वसई त्यातला एक होता. सह्या करणाऱ्या दोघांच्या मनात जो ठाणे जिल्हा होता तो विभाजनापूर्वीचा. शिवाय २०१४ नंतरही वसई-विरारच्या दुकानांचा माल आम्ही याच माणसाला बिल करत होतो, त्याच्या दोन गाड्या घोडबंदरवरून रोज तिकडे जात होत्या आणि आमचा सेल्समन त्याच्याच बीटवर फिरत होता. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या वागण्यातूनच दिसत होतं की आम्हीही वसई त्याचीच धरत होतो. आमच्या वकिलांनी कंपनीच्या बाजूचा मुद्दाही सांगितला. २०१६ पासून करार दर वर्षी नव्याने चालू झाला, तेव्हा नवा जिल्हा अस्तित्वात होता, त्यामुळे ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे नवा ठाणे जिल्हा असं म्हणता येईल. पण हा वादाचा मुद्दा झाला, आणि वादाच्या मुद्द्यावर कोणी गोदाम भाड्याने घेत नाही.

माझी चूक उतरवून घेण्यात झाली नव्हती, ओळ अक्षरशः बरोबर होती. मी तिच्यापुढे तारीख लिहिली नाही आणि तारखेने काय फरक पडतो ते विचारलं नाही. तेव्हापासून टेरिटरीच्या रकान्यात मी तीन गोष्टी लिहितो: करारातले शब्द, ते शब्द ज्या दिवशी लिहिले गेले ती तारीख, आणि गेल्या बारा महिन्यांत आपण त्याला प्रत्यक्ष कुठल्या कुठल्या ठिकाणच्या दुकानांसाठी माल दिला. तिसरी गोष्ट करारात सापडत नाही, ती सेल्सच्या बीट-लिस्टमधून घ्यावी लागते. करारातली टेरिटरी आणि बीट-लिस्ट जुळत नसेल तर ते पानावर ठळक लिहायचं, दोन्हीपैकी एक निवडायचं नाही. निवडणं साहेबांचं आणि वकिलांचं काम.

मुंबईच्या आसपास ही अडचण फार वेळा येते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे १९९० पासून दोन वेगळे जिल्हे आहेत, पण जुन्या करारांत नुसतं ‘मुंबई’ लिहिलेलं असतं. नवी मुंबई म्हटलं की लोक खारघर-पनवेल धरतात, पण नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल रायगडमध्ये. पिनकोड लिहिला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही: मीरा रोडचा ४०११०७ ठाणे जिल्ह्यात आहे आणि नालासोपाऱ्याचा ४०१२०९ पालघरमध्ये, दोघांची सुरुवात ४०१ नेच. करारात पिनकोड दिले असतील तर पूर्ण सहा आकडे उतरवा, ‘४०१ पासूनचे’ असं मोघम लिहू नका.

आता दुसरी गोष्ट, जी मला त्या नोटिशीनंतर नीट कळली. साहेब चार मुद्दे मागतात, पण करारात ते चार वेगळे राहत नाहीत. आमच्या करारातली एक्सक्लुझिव्हिटी कलम ३.२ मध्ये होती. मजकूर असा की कलम ६.४ च्या अधीन राहून कंपनी या टेरिटरीत दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमणार नाही. मी पानावर लिहिलं होतं, ‘एक्सक्लुझिव्ह: हो’. ‘६.४ च्या अधीन राहून’ हे शब्द मी गाळले, कारण वाचताना ते भरतीचे वाटले. ६.४ टार्गेटचं होतं. त्यात म्हटलं होतं की लागोपाठ दोन तिमाह्यांत खरेदी टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली गेली तर कंपनी ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन एक्सक्लुझिव्हिटी काढून घेऊ शकते किंवा टेरिटरी कमी करू शकते. म्हणजे टार्गेट चुकलं की एक्सक्लुझिव्हिटी हलते, आणि टेरिटरीही हलते, करार न संपवता. साहेबांना हवा असलेला रस्ता कदाचित तिथेच होता आणि माझ्या पानावर तो नव्हता.

म्हणून वाचायची पद्धत अशी ठेवा. पीडीएफ शोधता येण्यासारखी आहे का ते आधी बघा. जुने करार स्कॅन केलेले असतात, त्यात शोधलं की काहीच सापडत नाही आणि आपल्याला वाटतं करारात तो शब्दच नाही. स्कॅन असेल तर सरळ पेन्सिल घेऊन पूर्ण वाचा, २८ पानांना दोन तास लागतात. शोधता येत असेल तर `Ctrl+F` करून `Territory` वगैरे शोधालच, पण त्याहून महत्त्वाचे तीन शब्दप्रयोग आहेत: `subject to`, `notwithstanding` आणि `provided that`. पहिला सांगतो की हे कलम दुसऱ्या कुठल्यातरी कलमाच्या हाताखाली आहे. दुसरा सांगतो की हे कलम बाकीच्यांवर चढ आहे. तिसऱ्याच्या पुढे अपवाद लिहिलेला असतो. हे तीन जिथे जिथे येतील तिथल्या कलमांचे नंबर कागदावर लिहून त्यांच्यात बाण काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर करार कसा चालतो ते दिसायला लागतं. सोबत व्याख्यांचं कलम वाचा. मोठ्या अक्षराने सुरू होणारा प्रत्येक शब्द तिथे बघायचा, कारण करारातला ‘परचेस’ आणि आपल्या एमआयएसमधला ‘परचेस’ एकच असेल असं नाही.

तसं नसतं तेव्हा काय होतं, ते याच प्रकरणात बघा. २०१८-१९ चं टार्गेट वर्षाला २ कोटी ४० लाखांचं होतं. अनेक्शर ‘सी’ प्रमाणे पहिल्या तिमाहीला २० टक्के, दुसरीला २५, तिसरीला ३० आणि चौथीला २५. म्हणजे एप्रिल-जूनचं टार्गेट ४८ लाख आणि जुलै-सप्टेंबरचं ६० लाख. त्यांचे ८० टक्के अनुक्रमे ३८ लाख ४० हजार आणि ४८ लाख. एमआयएसमध्ये त्याची पहिल्या तिमाहीची खरेदी ३७ लाख ५० हजार दिसत होती, म्हणजे पहिली तिमाही चुकली. दुसऱ्या तिमाहीची ४९ लाख, म्हणजे ती वाचली. लागोपाठ दोन झाल्या नाहीत, ६.४ लागू नाही. सेल्सच्या मंडळींनी तिथेच सोडून दिलं होतं.

पण करारात टार्गेट ‘निव्वळ खरेदी’वर मोजायचं होतं आणि व्याख्येप्रमाणे त्यातून कर, परत आलेला माल आणि खराब मालाची क्रेडिट नोट वजा करायची होती. एमआयएसचा आकडा करांशिवायचा होता, पण परत आलेला माल त्यातून वजा झालेला नव्हता. जुलै-सप्टेंबरमध्ये २ लाख १० हजारांचा माल परत आला होता. निव्वळ खरेदी झाली ४६ लाख ९० हजार, ४८ लाखांच्या खाली. म्हणजे दोन्ही तिमाह्या चुकल्या आणि ६.४ लागू झालं. हे दिसल्यावर ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मलाही.

मग ६.५ वाचलं. डिस्ट्रिब्युटरने रीतसर ऑर्डर टाकली आणि कंपनीने माल दिला नाही, तर त्या ऑर्डरची रक्कम त्याच्या खरेदीत धरायची. ऑगस्टमध्ये आमच्या डेपोत दोन आयटमचा तुटवडा होता आणि त्याच्या ४ लाखांच्या ऑर्डर पडून राहिल्या होत्या. त्या धरल्या की आकडा ५० लाख ९० हजार. दुसरी तिमाही वाचली, ६.४ लागू नाही. ४९ लाख, ४६ लाख ९० हजार आणि ५० लाख ९० हजार: एकाच तिमाहीचे तीन आकडे, आणि करारातला आकडा तिसराच. दुसऱ्या आकड्यावर नोटीस पाठवली असती तर तीच नोटीस पुढे त्याच्या हातात आमच्याविरुद्धचा पुरावा झाली असती.

टार्गेटबाबत आणखी एक तपासा: ते त्याला कसं कळवलं होतं? बहुतेक करारांत पहिल्या वर्षाचं टार्गेट अनेक्शरमध्ये असतं आणि पुढच्या वर्षांचं कंपनी ‘लेखी कळवेल’ असं असतं. ‘लेखी’ म्हणजे काय, ते नोटीसच्या कलमात शेवटच्या पानांवर सापडतं. आमच्यात रजिस्टर्ड पोस्ट किंवा ठरवून दिलेल्या ईमेलवरचा मेल एवढंच चालायचं. एरिया मॅनेजरने व्हॉट्सॲपवर टाकलेलं टार्गेट त्यात बसत नव्हतं. म्हणून टार्गेटच्या आकड्याशेजारी कुठल्या पत्राने, कुठल्या तारखेला कळवलं ते लिहा. पत्र सापडत नसेल तर ‘पत्र सापडलं नाही’ हे लिहा. हा रकाना रिकामा ठेवणं सगळ्यात धोक्याचं, कारण वाचणारा गृहीत धरतो की पत्र आहे.

एक्सक्लुझिव्हिटीकडे परत येतो, कारण ‘हो’ किंवा ‘नाही’ हे तिचं उत्तर कधीच नसतं. कोणाचं बंधन कोणावर आहे ते आधी वेगळं करा. कंपनी दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमणार नाही, हे कंपनीवरचं बंधन. डिस्ट्रिब्युटर स्पर्धक कंपनीचा माल ठेवणार नाही, हे त्याच्यावरचं. पुष्कळ करारांत यातलं एकच असतं आणि बोलण्यात दोन्ही धरली जातात. मग कंपनीने स्वतः काय राखून ठेवलंय ते बघा: मॉल आणि सुपरमार्केट साखळ्यांना थेट विक्री, ऑनलाइन, हॉटेल-हॉस्पिटलांना थेट पुरवठा. आमच्या करारात एक्सक्लुझिव्हिटी फक्त ‘जनरल ट्रेड’पुरती होती, म्हणजे किराणा आणि तत्सम दुकानं. साहेबांना खरं तर विरारमध्ये किराण्याची पोच वाढवायची होती, त्यामुळे त्यांना याचा उपयोग नव्हता. पण त्यांना साखळी दुकानांसाठी कोणी नेमायचा असता तर त्याच दिवशी नेमता आला असता.

त्याच्यावरच्या बंधनाबद्दल सेल्सकडून एक वाक्य नेहमी येतं: ‘सोडून गेला तर दोन वर्षं दुसऱ्याचा माल विकता येणार नाही, करारात आहे.’ करारात असतंही. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यापार करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. करार चालू असेपर्यंत स्पर्धकाचा माल न ठेवण्याची अट चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालात मान्य केलं. करार संपल्यानंतरची अट मात्र इथे सहसा टिकत नाही. म्हणून ती ओळ पानावर उतरवा, पण शेजारी ‘करार संपल्यानंतर लागू होईल असं धरू नये, लीगलला विचारावं’ असं लिहा. नाहीतर साहेब ती मीटिंगमध्ये धमकी म्हणून वापरतील.

टर्मिनेशनमध्ये साधारण तीन वाटा असतात आणि त्यांची सरमिसळ करू नका. कारण न देता ठरावीक दिवसांची नोटीस देऊन संपवणं, करार मोडला म्हणून आधी दुरुस्तीची मुदत देऊन संपवणं, आणि चेक न वटणं, दिवाळखोरी अशा कारणांनी ताबडतोब संपवणं. प्रत्येकासाठी कोण देऊ शकतो, किती दिवस, आणि दिवस कधीपासून मोजायचे हे लिहा. पाठवल्यापासून की मिळाल्यापासून, यावर आठवड्याचा फरक पडतो. टार्गेट चुकणं हे करार मोडणं आहे की नाही तेही बघा. आमच्या करारात ते नव्हतं. टार्गेट चुकलं तर एक्सक्लुझिव्हिटी जाऊ शकत होती, करार जाऊ शकत नव्हता. हे वाक्य स्वतंत्रपणे पानावर यायला हवं, कारण प्रत्येक सेल्स मॅनेजर उलटं धरून चालतो.

इथे मी दुसरी चूक केली होती. कारण न देता संपवायची मुदत मी ९० दिवस लिहिली, कारण कलम १४.१ मध्ये ९० होते. जून २०१७ मध्ये, जीएसटी लागू व्हायच्या तोंडावर, एक दोन पानी ॲडेंडम झालं होतं. शीर्षक करांबाबतच्या दुरुस्तीचं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात १४.१ मधले ९० दिवस ६० केले होते. तेव्हापासून माझा नियम आहे की मूळ करारापेक्षा ॲडेंडम आधी वाचायची, नवीन तारखेकडून जुन्याकडे, आणि शीर्षकावर विश्वास ठेवायचा नाही. सगळे कागद मिळाले आहेत का याची खात्री फायनान्सकडून करून घ्या. डिपॉझिट आणि क्रेडिट लिमिटमुळे त्यांच्या फायलीत बऱ्याचदा असा एखादा कागद असतो जो सेल्सकडे नसतो. आणि सह्या झालेली प्रतच वाचा, कोणाच्या लॅपटॉपवरची वर्ड फाइल नको.

त्या ३० दिवसांच्या फरकाला किंमत असते. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या १९९० च्या निकालात करार ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होता. न्यायालयाने डिस्ट्रिब्युटरशिप परत द्यायला नकार दिला आणि भरपाई त्या ३० दिवसांच्या नुकसानीपुरती ठेवली. म्हणजे नोटिशीची मुदत हा वाटाघाटीत साहेबांना लागणारा आकडा आहे. आमच्या माणसाची महिन्याची निव्वळ खरेदी साधारण १५ लाख ६० हजार, मार्जिन ६ टक्के, म्हणजे महिन्याला ९४ हजारांच्या आसपास. ६० दिवसांचे होतात पावणेदोन ते दोन लाख, ९० दिवसांचे पावणेतीन लाखांच्या वर. अडकलेले क्लेम, परत घ्यायचा माल आणि डिपॉझिट हे त्याखेरीज, त्यांचं कलम वेगळं असतं आणि तेही काढून द्या.

उतरवताना क्रियापदांना फार जपा. करारात `may` असेल तिथे ‘कंपनी करू शकते’ लिहा, `shall` असेल तिथे ‘कंपनीने केलंच पाहिजे’. घाईत दोन्हींचं ‘कंपनी करेल’ होतं आणि हक्क आणि जबाबदारी एकमेकांत मिसळतात. प्रत्येक ओळीपुढे कलम आणि पान नंबर द्या, म्हणजे साहेबांना शंका आली तर ते स्वतः बघतील. पानाच्या तळाशी ‘उत्तर न मिळालेले प्रश्न’ असा भाग ठेवा आणि तो रिकामा राहिला तर अस्वस्थ व्हा. माझ्या त्या पानावर तो भागच नव्हता. असता, तर त्यात पहिली ओळ आली असती: करार २०१३ चा आहे, पालघर २०१४ ला झाला, वसई तालुका कोणाकडे?

ते प्रकरण जानेवारी २०१९ मध्ये मिटलं. भिवंडीच्या डिस्ट्रिब्युटरने वसईसह पालघर जिल्ह्यात गेलेले तालुके सोडले. त्याच्या बदल्यात त्याला तीन महिन्यांची मुदत मिळाली, टार्गेट त्या प्रमाणात कमी झालं आणि अडकलेले क्लेम आधी चुकते झाले. विरारच्या व्यापाऱ्याने तोवर अडीच महिने रिकाम्या गोदामाचं भाडं भरलं होतं. ते त्याला देण्याची करारात कुठे तरतूद नव्हती, साहेबांनी मागे लागून ते मंजूर करून घेतलं. नव्या ॲडेंडममध्ये जिल्ह्याचं नाव ठेवलं नाही. तिथे ओळ आहे: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड हे तालुके, ॲडेंडमच्या तारखेला त्यांच्या ज्या हद्दी आहेत त्याप्रमाणे, नवी मुंबई महानगरपालिकेचं क्षेत्र वगळून.